प्रोटीन पचवायला जास्त कॅलरी जातात, म्हणजे नेमक्या किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीईएफ टीईएफ म्हणतात ते काय असतं?

जेवण झाल्यावर तुम्ही अगदी शांत पडून राहिलात, बोटही हलवलं नाही, तरी पुढचे पाच-सहा तास शरीराचा एनर्जी खर्च उपाशीपोटी असतो त्यापेक्षा थोडा जास्तच राहतो. आलेलं अन्न फोडायचं, आतड्यातून रक्तात घ्यायचं, मग त्याचं काहीतरी करायचं (साठवायचं, जाळायचं किंवा त्यातून नवीन काही बनवायचं), या सगळ्या कामाला एनर्जी लागते आणि ती शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. हा जो वरचा खर्च, तो म्हणजे थर्मिक इफेक्ट ऑफ फूड, शॉर्टमधे टीईएफ. मॅक्स रुब्नर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९०२ मधेच कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं की मांस खाल्ल्यावर ही वाढ साखर किंवा फॅटपेक्षा बरीच मोठी असते. म्हणजे ही काही जिमवाल्यांनी काढलेली टूम नाहीये, सव्वाशे वर्षं जुनी गोष्ट आहे.

कशाला किती टक्के?

प्रोटीनमधून आलेल्या कॅलरीपैकी साधारण २० ते ३० टक्के त्याच्यावरच्या प्रक्रियेत जातात, कार्बमधल्या (साखर धरून) ५ ते १० टक्के आणि फॅटमधल्या जेमतेम ० ते ३ टक्के. आपण रोज जे मिक्स जेवतो त्याचा हिशोब धरला तर दिवसभराच्या खाण्याच्या १० टक्क्यांच्या आसपास येतो. या रेंज आहेत, फिक्स आकडे नाहीत, हे मात्र डोक्यात ठेवा, कारण इंटरनेटवर लोक "प्रोटीन ३०, फॅट ०" असे दोन टोकाचे आकडे उचलतात आणि मग फरक फुगलेला दिसतो.

पण प्रोटीनलाच एवढा खर्च का? फॅट पचायला जड असतं ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. "जड" म्हणजे पोटातून हळू पुढे सरकतं, एवढंच. वेळ जास्त लागला म्हणून एनर्जी जास्त लागली असं होत नाही.

खरं कारण असं की शरीराकडे फॅट ठेवायला चरबीच्या पेशी आहेत, साखर ठेवायला लिव्हर आणि स्नायूंमधे ग्लायकोजेन आहे, पण प्रोटीनची साखळी ज्या कड्यांची बनते ती अमिनो आम्लं जास्तीची आली तर ठेवायला गोडाऊनच नाहीये. त्यामुळे जेवणातून अमिनो आम्लं रक्तात आली की त्यांचं लगेच काहीतरी करावं लागतं आणि जे दोन मुख्य रस्ते आहेत ते दोन्ही महाग आहेत.

पहिला रस्ता म्हणजे त्यांच्यापासून शरीराचं स्वतःचं प्रोटीन बनवणं. पेशीतली एनर्जीची सुट्टी नाणी म्हणजे एटीपी. साखळीत एक अमिनो आम्ल जोडायला साधारण ४ एटीपी एवढी एनर्जी लागते, दोन त्याला जागेवर नेणाऱ्या वाहक आरएनएवर चढवताना आणि दोन रायबोसोमवर, म्हणजे पेशीतल्या प्रोटीन बनवायच्या यंत्रावर, साखळीत बसवताना. आता हे किती टक्के झालं ते आपणच काढू. मोल म्हणजे डझनासारखं रेणू मोजायचं ठरलेलं माप. ११० ग्रॅम प्रोटीन घ्या, त्यात अमिनो आम्लं साधारण एक मोल असतात आणि कॅलरी ४४०. एक मोल ग्लुकोज जाळलं की ६७० च्या आसपास कॅलरी जातात आणि ३० ते ३२ मोल एटीपी मिळतात, म्हणजे एक मोल एटीपी तयार करायला आपल्याला अन्नातल्या २१-२२ कॅलरी मोजाव्या लागतात. चार मोलचे झाले ८६ वगैरे. ४४० पैकी ८६ म्हणजे जवळपास २० टक्के! फक्त साखळी जोडायचा खर्च एवढा, बाकी काही धरलंच नाहीये. लॅबमधे मोजलेला आकडा आणि कागदावरचा हिशोब इतके जवळ येतात हे मी पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा खरंच भारी वाटलं होतं.

दुसरा रस्ता म्हणजे अमिनो आम्ल जाळून टाकणं किंवा त्याचं ग्लुकोज करणं. इथे अडचण नायट्रोजनची आहे. साखरेत आणि फॅटमधे नायट्रोजन नसतो, प्रोटीनमधे असतो, आणि तो अमोनिया म्हणून मोकळा फिरला तर विषारी आहे म्हणून लिव्हर त्याचा युरिया बनवतं. युरियाच्या एका रेणूमागे ४ एटीपीएवढी एनर्जी जाते आणि त्यात नायट्रोजनचे फक्त दोन अणू बाहेर पडतात. उरलेल्या सांगाड्यापासून ग्लुकोज बनवायचं झालं तर त्याचा खर्च वेगळा, पायरुव्हेटपासून एक ग्लुकोज बनवायला ६ एटीपी.

म्हणजे जेवणातलं प्रोटीन कुठल्याही वाटेने गेलं तरी टोल भरूनच जातं.

मग चावणं, पोटातली घुसळण, पाचकरस, यात काहीच जात नाही?

जातं, पण थोडं. याचा एक सरळ पुरावा आहे, अमिनो आम्लं तोंडातून न देता थेट शिरेतून सलाइनसारखी दिली तरी माणसाचा एनर्जी खर्च वाढतो. तिथे दात नाहीत, पोट नाही, आतडं नाही, तरी उष्णता आहेच. म्हणजे मोठा खर्च पचनात नसून पचून झाल्यानंतर पेशींमधे जे काम चालतं त्यात आहे. "प्रोटीन पचवायला जास्त कॅलरी लागतात" हे वाक्य बोलायला ठीक आहे, मीही टायटलमधे तेच लिहिलंय, पण काटेकोर बोलायचं तर ते पचवायला नाही, मार्गी लावायला.

साखरेचं आणि फॅटचं काय होतं ते पण सांगा की.

साखर बघा. ग्लुकोजचा एक रेणू ग्लायकोजेनमधे ठेवायला साधारण २ एटीपी लागतात आणि तोच रेणू पुढे कधी जाळला की ३० ते ३२ मिळतात. तीसमागे दोन म्हणजे ६-७ टक्के, कार्बच्या ५ ते १० च्या रेंजमधे बरोबर बसतं. साखर थेट जळाली, साठवली गेलीच नाही, तर त्याहून कमी. वरचं जे थोडं उरतं त्यात इन्सुलिन वाढल्यावर मज्जासंस्था शरीराला जरा चेतवते त्याचाही हिस्सा असतो. फ्रुक्टोजचा खर्च ग्लुकोजपेक्षा किंचित जास्त येतो कारण त्याला आधी लिव्हरमधून जावं लागतं, पण म्हणून साखर खाऊन वजन कमी होईल असं कृपया कोणी काढू नका, फरक अगदी बारीक आहे.

फॅटचा प्रवास सगळ्यात स्वस्त. जेवणातल्या फॅटी आम्लाला आपल्या चरबीत बसवायचं तर त्याची रचना फारशी बदलावीच लागत नाही, आतड्यात तोडलं, पलीकडे परत जोडलं, रक्तातून नेलं, चरबीच्या पेशीपाशी पुन्हा तोडून जोडलं. दर वेळी जोडायच्या तयारीला २ एटीपी जातात, पण तेच फॅटी आम्ल जाळलं तर शंभरावर एटीपी मिळतात, त्यामुळे टक्केवारीत काही दिसतच नाही.

ठीक आहे, पण रोजच्या खाण्यात याने किती फरक पडतो? खरा आकडा सांगा.

चला करून बघू. दिवसाला २००० कॅलरी खाणारा माणूस धरा. मधले आकडे घेतो, प्रोटीन २५ टक्के, कार्ब ७, फॅट २.

आधी त्याचं खाणं असं आहे की प्रोटीनमधून ३०० कॅलरी (म्हणजे ७५ ग्रॅम), कार्बमधून ११००, फॅटमधून ६००. टीईएफ झाला ७५ अधिक ७७ अधिक १२, एकूण १६४ कॅलरी.

आता त्याने प्रोटीन दुप्पट केलं, १५० ग्रॅम, आणि तेवढ्या ३०० कॅलरी कार्बमधून काढल्या. फॅट तेवढंच. आता प्रोटीनचे १५०, कार्बचे ५६, फॅटचे १२, एकूण २१८.

फरक ५४ कॅलरी. बास. दिवसाचं प्रोटीन डब्बल करून!

रेंजची टोकं घेऊन बघितलं, म्हणजे प्रोटीनला कमीत कमी २० आणि कार्बला जास्तीत जास्त १० धरलं, तर फरक ३० वर येतो, आणि उलट टोकं धरली (३० आणि ५) तर ७५. याच ३०० कॅलरी कार्बऐवजी फॅटमधून काढल्या असत्या तर मधल्या आकड्यांनी ६९ आला असता, कारण फॅटचा खर्च त्याहून कमी. महिन्याचा हिशोब केला तर ५४ गुणिले ३० म्हणजे १६२० कॅलरी, आणि एक किलो चरबीत साधारण ७७०० असतात हे धरलं तर महिन्याला २०० ग्रॅमच्या आसपास, तेही बाकी काहीच बदललं नाही असं मानून. खोटा नाही हा फरक, पण एक चमचाभर तेल जास्त पडलं तरी दिवसाचे ५४ भरून निघतात.

मग लेबलवर १०० कॅलरी प्रोटीनच्या असतील तर मी ७५ च मोजू का?

नका मोजू. हे बरेच जण करतात आणि मग "मी तर कमीच खातोय, वजन का हलत नाही" म्हणून विचारायला येतात.

लेबलवर प्रोटीनचे ग्रॅमला ४ कॅलरी लिहिलेले असतात त्यात लघवीतून युरियाबरोबर जाणारी एनर्जी आधीच वजा झालेली असते (यंत्रात जाळलं तर प्रोटीनमधून ग्रॅमला साडेपाचच्या वर निघतात). टीईएफ मात्र वजा नसतो, तो वजा केला तर प्रोटीनचं निव्वळ मूल्य ३.२ च्या आसपास येतं. इथपर्यंत तुमचं बरोबर आहे. पण तुम्ही दिवसाचा खर्च काढता तो कसा काढता? बेसल रेट, म्हणजे नुसतं पडून राहिलं तरी होणारा खर्च, काढून त्याला अ‍ॅक्टिव्हिटीच्या आकड्याने गुणता. तो गुणकाचा आकडा लोकांच्या पूर्ण दिवसाच्या मोजलेल्या खर्चावरून आलेला असतो आणि त्या खर्चात नेहमीच्या जेवणाचा टीईएफ धरलेलाच असतो. म्हणजे तुम्ही खाण्याच्या बाजूने वजा केलात आणि खर्चाच्या बाजूने पण तो आधीच मिळालेला आहे, एकच गोष्ट दोनदा मोजली गेली. जी काही सूट आहे ती फक्त नेहमीपेक्षा जास्त प्रोटीन खाल्लं त्या वाढीची, आणि ती वरच्या हिशोबासारखी ५०-६० असते.

हे मोजतात कसं? माझं घड्याळ दाखवेल का?

घड्याळ नाही दाखवणार, ते हालचाल आणि हृदयाचे ठोके बघून अंदाज बांधतं.

लॅबमधे माणसाला रात्रभर उपाशी ठेवून सकाळी आडवं झोपवतात, डोक्यावर पारदर्शक हूड ठेवतात आणि आत जाणाऱ्या-येणाऱ्या हवेतून किती ऑक्सिजन वापरला, किती कार्बन डायऑक्साइड सोडला ते मोजतात, त्यावरून मिनिटाला किती कॅलरी जातायत ते निघतं. आधी उपाशीपोटीचा बेस घेतात, मग ठरलेलं जेवण देतात, मग पुन्हा तास न् तास मोजत बसतात. बेसच्या वर जेवढं आलं तेवढं टीईएफ.

ऐकायला सोपं आहे पण किती नाजूक आहे बघा. समजा बेस मिनिटाला १.१ कॅलरी आहे आणि ६०० कॅलरीच्या जेवणाचा टीईएफ ६० आहे, तो पाच तासांत म्हणजे ३०० मिनिटांत पसरला तर मिनिटाला वाढ फक्त ०.२. आता बेस मोजताना माणूस जरा अस्वस्थ होता, बेस ०.०५ ने जास्त आला, एवढीशी चूक, तर ३०० मिनिटांत १५ कॅलरी गायब, म्हणजे सगळ्या परिणामाचा पाव हिस्सा गेला. माणूस चुळबुळला, बोलला, झोप लागली, प्रत्येकाने आकडा हलतो. आणि तीन तासांतच मोजणं थांबवलं तर सगळ्यात जास्त नुकसान प्रोटीनच्या जेवणाचं होतं, कारण त्याची वाढ लांबत जाते, तीन तासांनी ती अजून चालूच असते. त्यामुळे कुठल्याही अभ्यासात "प्रोटीनने काही फरक पडला नाही" असं दिसलं तर मी आधी किती तास मोजलं ते बघतो.

एकाच माणसाचा दोन दिवसांचा आकडाही सारखा येत नाही. म्हणून "तुमचा पर्सनल टीईएफ सांगतो" म्हणून एका टेस्टचे पैसे कोणी मागितले तर जरा थांबा.

भरपूर प्रोटीन खाल्लं की मला गरम होतं, घाम येतो, ते हेच का?

थोडंफार हेच. ६० ग्रॅम प्रोटीनचं जेवण म्हणजे प्रोटीनचे २४० कॅलरी, त्यातले ६० पाच तासांत उष्णता होऊन बाहेर, म्हणजे सरासरी १४ वॅट. आराम करणारा माणूस ७५-८० वॅटच्या आसपास उष्णता सोडत असतो, त्यात १४ ची भर. खोली उबदार असेल तर जाणवेल. पण जेवताना दहाव्या मिनिटाला दरदरून घाम फुटत असेल तर तो टीईएफ नाही, तिखट, गरम वाफाळतं अन्न किंवा आणखी काही कारण बघा, कारण ही वाढ हळूहळू चढते.

दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खाल्लं तर टीईएफ वाढतो ना?

नाही. टीईएफ अन्नाच्या प्रमाणात असतो. तेच २००० कॅलरी तीनदा खा किंवा सहा वेळा, सहा छोटे उंचवटे आले काय आणि तीन मोठे आले काय, बेरीज जवळजवळ तीच.

काही पदार्थ खाऊन मिळतात त्यापेक्षा जास्त कॅलरी जातात असं वाचलंय?

असा एकही पदार्थ नाही. सगळ्यात महाग प्रोटीन आणि त्यातही सत्तर टक्के तरी तुमच्याकडे राहतातच. पाणीदार भाज्यांत कॅलरीच कमी असतात, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणजे प्रोटीन कितीही खाल्लं तरी चरबी होत नाही, हे पण खोटं?

यावर एक फार नीट केलेला प्रयोग आहे, अमेरिकेत ब्रे आणि सहकाऱ्यांचा, २०१२ मधे छापून आलेला. २५ लोकांना ८ आठवडे संशोधन केंद्रातच ठेवलं आणि प्रत्येकाला गरजेपेक्षा दिवसाला साधारण ९५० कॅलरी जास्त खाऊ घातल्या. कोणाला प्रोटीन ५ टक्के, कोणाला १५, कोणाला २५. शेवटी शरीरातली चरबी तिन्ही गटांत जवळपास सारखीच वाढली होती, साडेतीन किलोच्या आसपास. ज्यांना १५ आणि २५ टक्के प्रोटीन होतं त्यांचा एनर्जी खर्च वाढला होता, हो, वाढला होता, आणि त्यांचं चरबी सोडून बाकीचं वजनही तीन किलोच्या आसपास वाढलं, तर ५ टक्केवाल्यांचं ते उलट कमी झालं. पण जास्तीच्या कॅलरी टीईएफने पुसून टाकल्या असं झालं नाही. ९५० च्या पुरापुढे ५०-१०० चा बांध टिकणार कसा?

मला या प्रयोगातून महत्त्वाचं वाटतं ते ५ टक्केवाल्यांचं. त्यांचं एकूण वजन सगळ्यात कमी वाढलं, काट्यावर ते जिंकल्यासारखे दिसले असते, पण आत चरबी तेवढीच आणि स्नायू वगैरे घटलेले. फक्त काटा बघणाऱ्याला हे कधीच कळलं नसतं.

मग ५४ कॅलरीसाठी प्रोटीन वाढवायचंच कशाला?

५४ साठी नकाच वाढवू, असं मी स्पष्ट सांगतो. प्रोटीनचा मोठा फायदा भूक कमी होण्यात आहे, टीईएफ त्यामानाने बोनस. २००५ मधे आलेल्या वाइगल यांच्या अभ्यासात १९ लोकांचं प्रोटीन १५ टक्क्यांवरून ३० वर नेलं, कार्ब तेवढेच ठेवले, फॅट ३५ वरून २० वर आणलं आणि सांगितलं की आता हवं तेवढं खा. लोक आपणहून दिवसाला सरासरी ४४१ कॅलरी कमी खायला लागले. मी वर जो हिशोब केला त्यातही प्रोटीन १५ वरून ३० वरच नेलं होतं, म्हणजे एकाच बदलातून टीईएफचे पन्नास-सत्तर आणि भुकेचे चारशेच्या वर. फॅटही कमी झालं होतं त्यामुळे सगळं श्रेय प्रोटीनला देता येत नाही, तरीपण कुठली बाजू जड आहे ते दिसतंच.

आणि किडनीचा आजार असेल तर हे वाचून स्वतःहून प्रोटीन दुप्पट करू नका, प्लीज. जो युरिया बनवायला लिव्हर एनर्जी खर्च करतं असं वर लिहिलंय, तो बाहेर काढायचं काम किडनीचं आहे, किती प्रोटीन चालेल ते तुमचे डॉक्टर रिपोर्ट बघून ठरवतील.

पावडरने पण टीईएफ तेवढाच मिळतो का, की अन्नच हवं?

पावडरनेही मिळतो, कारण खर्च अमिनो आम्लांच्या पुढच्या कामात आहे, ती अंड्यातून आली की डब्यातून याने फार बिघडत नाही. दुधातल्या व्हे प्रोटीनचा आकडा दुधातल्याच केसीनपेक्षा आणि सोयापेक्षा किंचित जास्त आलेला आहे, पण अर्ध्या कॅलरी प्रोटीनच्या अशा जेवणातही तो फरक दोन-तीन टक्क्यांचाच होता, म्हणजे ५०० कॅलरीमागे १०-१५. तेवढ्यासाठी डबा बदलायची गरज नाही, जे पोटाला सोसतं ते घ्या.